पॅकेज, पेन्शन आणि एक जून

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एके काळी बावीस टेबलं होती. मी सांगतेय त्या वर्षी सात उरली होती, आणि त्यातली माणसं चार. बाकीचं सगळं काम काचेच्या केबिनमधे बसून दोन पोरं कॉम्प्युटरवर करायची. मी ट्रेसर. म्हणजे इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं, चुकलं तर ब्लेडनं अलगद खरडून काढायचं, आणि मग त्याच्या अमोनियाच्या प्रिंट निघायच्या. तो वास नाकात बसला की घरी जाऊन फोडणी दिली तरी जायचा नाही. त्या पंपांच्या कंपनीत मी हे काम तोवर सत्तावीस वर्षं केलं होतं, आणि चांगलं केलं. उगाच नम्रपणा कशाला?

तर त्या फेब्रुवारीत नोटीस बोर्डावर कागद लागला. स्वेच्छानिवृत्ती योजना. दहा वर्षं नोकरी झालेल्या किंवा चाळिशी ओलांडलेल्या कुणीही अर्ज करावा, एकतीस मार्चच्या आत. प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंचेचाळीस दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीपर्यंत जेवढे महिने उरलेत तेवढा पगार, यातलं जे कमी असेल ते. रिकामी झालेली जागा पुन्हा भरली जाणार नाही. आमच्या सेक्शनचे साहेब एकेकाला बोलावून गोड आवाजात सांगायचे, "पाहा, जबरदस्ती नाही हं." हे वाक्य त्यांनी मला आठवड्यात तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "साहेब, जबरदस्ती नाही हे मला एकदा कळलं. सारखं सारखं सांगितलंत की शंका येते."

घरी आले तर ह्यांना आधीच कळलेलं. आमचे हे एका संशोधन संस्थेत, सरकारी नोकरी, सरकारी पेन्शन. तेव्हा आम्ही बेंगळूरला मल्लेश्वरममधे भाड्यानं राहत होतो आणि येलहंकाला आमच्या प्लॉटवर तळमजला उभा राहिला होता. वरचा मजला ह्यांच्या डोक्यात दहा वर्षं उभा होता, जमिनीवर मात्र त्याच्या नुसत्या सळ्या. ह्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि सुबक अक्षरात मांडणी केली. पगार, म्हणजे मूळ आणि महागाई भत्ता धरून, नऊ हजार सहाशे. सत्तावीस वर्षं गुणिले दीड महिना, साडेचाळीस महिने. तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे. त्यात ग्रॅच्युइटी दीड लाख, त्यात प्रॉव्हिडंट फंड. खाली दोन रेघा मारून पावणेआठ लाख.

"बारा टक्क्यांनी महिन्याला पावणेआठ हजार व्याज," हे म्हणाले. "तुझ्या हातात आज आठच येतात. म्हणजे घरबसल्या पगार! आणि वरचा मजलाही होतोय."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "एक मिनिट. ज्या पैशांचं व्याज खायचं, त्याच पैशांचा मजला बांधायचा?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. शास्त्रज्ञ ना तुम्ही? एकच पैसा दोन ठिकाणी कसा असेल? आणि दुसरं. ग्रॅच्युइटी आणि फंड पॅकेजमधे कशाला घुसवलेत? ते मी आज सोडलं तरी माझे, साडेनऊ वर्षांनी सोडलं तरी माझेच, उलट वाढलेले. कंपनी मला जास्तीचं देतेय ते फक्त हे वरचं. तीन लाख अठ्ठ्याऐंशी. त्याबद्दल माझ्याकडून काय घेतेय, ते कुठं लिहिलंय ह्या पानावर?"

ह्यांनी पान पाहिलं. ते काही लिहिलेलं नव्हतं. "तुला काय कमी पडणार आहे? माझी पेन्शन आहे की दोघांना," असं मात्र म्हणाले, आणि ते अगदी प्रेमानं म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला.

कारण माझी आई. आमचं गाव बेळगावकडचं. वडील वाईट नव्हते, कधी हात उगारला नाही, पण भाजीला चार आणे हवे असले तर आई त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहायची. मागायची नाही, नुसती उभी राहायची. वडील वर्तमानपत्र पुरं वाचून मग खिशात हात घालायचे. मी ते बघून मोठी झाले आणि पहिल्या पगाराच्या दिवशी ठरवलं की मरेपर्यंत महिन्याच्या महिन्याला माझ्या नावानं काहीतरी यायला हवं. थोडं असेना का, माझं हवं. लग्नात ह्यांना दागिन्यांबद्दल काही सांगितलं नाही, हे मात्र सांगितलं होतं.

आणि ते येणार होतं. आमची कंपनी मूळची गोऱ्या साहेबांची, तिथं स्टाफसाठी वेगळा पेन्शन ट्रस्ट होता. पैसा कंपनीच्या तिजोरीत नाही, ट्रस्टकडे, म्हणजे उद्या पंप विकले गेले नाहीत तरी पेन्शन बुडायची भीती नाही. पीएफ ऑफिसची नवी पेन्शन सगळ्यांनाच लागू झाली होती, पण ती किरकोळ, आणि ती मी हिशेबात धरलीच नाही. ट्रस्टचा नियम सोपा होता. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला शेवटच्या पगाराचा ऐंशीवा भाग, अठ्ठावन्नाव्या वर्षापासून, दर महिन्याला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा घेतला आणि माझी स्वतःची मांडणी केली. नऊ हजार सहाशे भागिले ऐंशी. एकशे वीस. म्हणजे मी केलेलं एकेक वर्ष मला आयुष्यभर महिन्याला एकशे वीस रुपये देणार होतं. कुणी विचारलं की एका वर्षाची किंमत काय, तर मला सांगता येत होतं! मला ते फार आवडलं. सत्तावीस वर्षांचे तीन हजार दोनशे चाळीस.

पण आज सोडलं तर ते आज मिळणार नव्हते. नियमात पुढे लिहिलं होतं की पंचवीस वर्षं नोकरी आणि पन्नास वर्षं वय, दोन्ही असेल तर पेन्शन लगेच सुरू करता येते, मात्र अठ्ठावन्नाला जेवढी वर्षं कमी तेवढे दर वर्षाचे चार टक्के कापून. पन्नासच्या आत सोडलं तर अठ्ठावन्नपर्यंत थांबायचं. माझा जन्म भाऊबीजेचा. गेल्या भाऊबीजेला मला अठ्ठेचाळीस पुरी झाली होती, आईनं ओवाळलं तेव्हा सोळा अंगारिका केल्यात तुझ्यासाठी, वगैरे नेहमीचं सगळं ऐकवलं होतं. म्हणजे पन्नासला दीडेक वर्ष कमी, आणि पेन्शन साडेनऊ वर्षांनी. तीही आजच्या पगारावर गोठलेली. साडेनऊ वर्षांनी तीन हजार दोनशे चाळीस रुपयांत काय येणार? मी नोकरीला लागले तेव्हा माझा पगारच अडीचशे होता आणि तेव्हा तो पुष्कळ वाटायचा.

आणि राहिले तर? वर्षंही वाढणार आणि पगारही. पगार चौदा हजारांवर जाईल असं धरलं, तर एकेका वर्षाचे एकशे पंचाहत्तर होतात. माझी मागची सत्तावीस वर्षंसुद्धा मग एकशे पंचाहत्तरची होतात. ही गोष्ट आमच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात आली नव्हती. सगळे उरलेली वर्षं मोजत होते. सोडलं की केलेल्या वर्षांचा भावही तिथंच थांबतो, हे कुणी मोजत नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी हे समजावून सांगितलं. त्या चव्वेचाळीसच्या. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, मला ऐंशीवा भाग सांगू नका." त्यांनी अर्ज टाकला. मी माझा कागद घडी करून ठेवला. प्रत्येकाची गरज वेगळी असते, आणि माझी जीभ तेवढी लांब नव्हती.

माझं मात्र ठरलं. नाही. साडेनऊ वर्षं हाताशी काही नाही, आणि एकरकमी आलेलं विटांत जाणार. म्हणजे मी ह्यांच्या खुर्चीशेजारी उभी. छे! मी घरी येऊन सांगितलं, "मी राहतेय." हे दोन दिवस माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलले.

मग एक दिवस मी पर्सोनेलमधे गेले. कामाचं काही नव्हतं, शिल्लक रजा किती ते बघायचं होतं. तिथला क्लार्क जुना माणूस, म्हैसूरकडचा, माझ्याशी अर्धं हिंदी अर्धं कानडी बोलायचा. माझी फाइल उघडत त्यानं सहज विचारलं, "काय मेडम, अर्ज नाही का?"

"नाही. पन्नास नाही झाली मला."

"जूनमधे होतात की."

"कुणाला?"

"तुम्हाला. एक जून."

मी म्हटलं, "हे बघा, स्वल्प, जरा नीट बघा. माझी फाइल आहे का ही? मी अठ्ठेचाळीसची आहे." एखाद्या बाईला मार्च महिन्यात, भरल्या ऑफिसात, मोठ्या आवाजात तुम्ही पन्नाशीच्या आहात असं सांगायचं म्हणजे काय! तो बिचारा शांतपणे एकेक कागद माझ्यापुढे सरकवायला लागला. नेमणुकीचा फॉर्म. फंडाचा फॉर्म. नामनिर्देशन. विम्याचा फॉर्म. प्रत्येकावर जन्मतारीख एक जून, साल माझ्या खऱ्या सालाच्या एक आधीचं, आणि खाली सही माझी. माझीच, ट्रेसरची, रेघ न हलणारी सही. सत्तावीस वर्षं मी ती तारीख लिहीत आले होते, पण तिच्यातून वय कधी काढलंच नव्हतं. माझ्या लेखी ती तारीख म्हणजे हजेरीपटाच्या नंबरासारखी होती, फॉर्मवर लिहायची एक गोष्ट. आमच्या वर्गातली अर्धी मुलं एक जूनलाच जन्मलेली होती.

ती तारीख कुठून आली ते मला ठाऊक होतं. माझ्यापेक्षा पावणेदोन वर्षांनी मोठी माझी अक्का. तिला शाळेत घालायला वडील गेले तेव्हा तिनं भोकाड पसरलं की एकटी जाणार नाही, वाटेत पाटलांच्या म्हशी असतात. मग वडील मलाही घेऊन गेले. मास्तरांना म्हणाले, "ही पण घ्या, दोघी बरोबर येतील." मास्तरांनी माझं वय सतरा महिन्यांनी वाढवलं. एकाच आईच्या दोन मुली एकाच वर्षी कशा जन्मतील, एवढं गणित त्यांना येत होतं, म्हणून अक्कालाही एक वर्ष चढवलं. आम्ही हात धरून सातवीपर्यंत गेलो. सातवीनंतर आईला बरं नसायचं म्हणून अक्का घरी बसली आणि म्हशींची भीती गेलेली मी एकटी पुढे गेले. मॅट्रिक, मग ट्रेसिंगचा कोर्स, मग बेंगळूर.

पर्सोनेलच्या त्या बाकावर बसून आधी मला प्रचंड राग आला. कारण ही तारीख म्हणजे शेवटी सतरा महिन्यांचा पगार गेला! मी दोन हजार सातच्या दिवाळीपर्यंतची नोकरी धरून चालले होते, कंपनी मला दोन हजार सहाच्या मेअखेर घरी घालवणार होती. माझी अख्खी मांडणी चुकीच्या जन्मतारखेवर होती. आणि मी ह्यांना पैसा दोन ठिकाणी मोजला म्हणून फाडून खाल्लं होतं. हसायला आलं मला. क्लार्क म्हणाला, "सरी मेडम, पाणी घ्या."

पाणी पिताना डोकं चालायला लागलं. एक जूनला पन्नास. म्हणजे पेन्शन लगेच. पण योजनेतून एकतीस मार्चला मोकळं केलं तर कागदावर मी एकोणपन्नासची, दोन महिने कमी, आणि मग अठ्ठावन्नपर्यंत थांबा. मी विचारलं, "अर्ज एकतीस मार्चपर्यंत. मोकळं कधी करतात?"

त्यानं परिपत्रक काढलं. अर्ज मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, व्यवस्थापनाच्या सोयीनुसार.

"आणि मी नोकरीला लागले कधी?"

"मे महिन्यात."

म्हणजे तीस जूनला सोडलं तर पुरी वर्षं सत्तावीस नाहीत, अठ्ठावीस. पॅकेज बेचाळीस महिन्यांचं, चार लाख तीन हजार दोनशे. उरलेले महिने पंच्याण्णव, त्यापेक्षा बेचाळीस कमी, म्हणून बेचाळीसच. पाच लाखांच्या आत, म्हणजे त्यावर कर नाही. पेन्शन एकशे वीस गुणिले अठ्ठावीस, तीन हजार तीनशे साठ. आठ वर्षं आधी म्हणून बत्तीस टक्के कापून दोन हजार दोनशे पंच्याऐंशी. पण एक जुलैपासून, आणि माझ्या नावानं.

दोन दिवस मी हाच हिशेब उलटसुलट केला. चार लाखांचं बारा टक्क्यांनी महिन्याला चार हजार बत्तीस. पेन्शन धरून सहा हजार तीनशे सतरा. आणि शेवटपर्यंत राहिले असते तर अठ्ठावन्नाव्या वर्षी छत्तीस वर्षांचे, एकशे पंचाहत्तरनं, सहा हजार तीनशे. मी ते दोन आकडे तीनदा तपासले. जवळजवळ तेच! तेव्हा मला ह्या योजनेतली खरी गोष्ट कळली. हे पॅकेज बक्षीस नव्हतं. माझी न होणारी आठ वर्षं कंपनी आजच रोख मोजून देत होती. ती रोकड सांभाळली तर माझी पेन्शन पुरी. विटांत घातली, तर मी माझी आठ वर्षं बांधकामात पुरली.

फुकट काहीच नव्हतं, खोटं कशाला बोलू. मधल्या आठ वर्षांत महिन्याला पगारापेक्षा सतराशे कमी मिळणार, आणि पगार वाढला असता तसा तो खड्डाही वाढणार. व्याज कायम बारा टक्के राहील असंही मी धरलं नाही. आठ टक्क्यांनी करून पाहिलं, तर चार हजारांचे सत्तावीसशे होत होते. म्हटलं, तेवढ्यातही माझं भागेल. माझ्या डोळ्यांना आता बारीक रेघ दिसेनाशी झाली होती, आणि साहेब मला स्टोअरमधे पाठवायच्या गोष्टी बोलत होते. अठ्ठावीस वर्षं रेघा ओढलेल्या हातांनी नट मोजायचे? त्यापेक्षा ताठ मानेनं बाहेर पडलेलं बरं.

मी ह्यांना समोर बसवलं आणि ट्रेसिंग पेपर पुढे ठेवला. "मी घेतेय," मी म्हटलं. "पण ऐका. ग्रॅच्युइटी घराला. दीड लाख, आनंदानं घ्या, माझंही घर आहे. पॅकेजला हात लावायचा नाही. ते सरकारी बँकेत आणि पोस्टात, माझ्या नावानं. आणि एक तृतीयांश पेन्शन विकून आज एकरकमी घेता येते असा नियम आहे, तो तुम्ही शोधून काढालच, म्हणून आधीच सांगते. विकणार नाही."

ह्यांनी कागद बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "दीड लाखात वरचा मजला नाही होत. दोन खोल्या होतील."

"मग दोन खोल्या."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, "तुमच्यावर आहे. खुर्चीशेजारी उभं राहण्यावर नाही." माझ्या आईची ती गोष्ट ह्यांना माहीत होती.  कॅलेंडरचं ते पान ह्यांनी स्वतः फाडलं, आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला सांगून आले की दोनच खोल्या.

साहेबांना मात्र मी एकतीस मार्चलाच जायला हवी होते, वर्षाअखेरीच्या यादीत एक नाव वाढवायला. अर्जात "तीस जून रोजी मोकळे करावे" हे वाचून त्यांचा आवाज गोड राहिला नाही. "तीन महिने कशाला थांबता? काम कुठंय?"

मी म्हटलं, "काम आहे. मोठ्या पंपाच्या मूळ ट्रेसिंगवर अकरा वर्षांच्या दुरुस्त्या आहेत. कुठली रेघ कुणाच्या सांगण्यावरून खरडली ते कुठंही लिहिलेलं नाही, माझ्या डोक्यात आहे. तुमच्या त्या दोन पोरांना मी ते तीन महिन्यांत देते. नको असेल तर आज जाते, आणि मग पुढच्या वर्षी पंपाचं झाकण बसलं नाही तर मला फोन करू नका." पोरं केबिनच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्यातला एक म्हणाला, "सर, खरंच लागेल." साहेबांनी सही केली. परिपत्रकात तीन महिने लिहिलेच होते, त्यामुळे नियमाचंही काही आडवं येत नव्हतं.

तीस जूनला मला नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माझं ब्लेड मी पर्समधे टाकून आणलं. बसमधे बसल्यावर एकदाच वळून गेटकडे पाहिलं आणि मग कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले. घरी पोचेपर्यंत मी बरी झाले होते.

जुलैच्या अखेरीला बँकेत पासबुक भरून घेतलं. त्यात एक ओळ होती, दोन हजार दोनशे पंच्याऐंशी. क्लार्ककडून मी ती पुन्हा वाचून घेतली. तिथूनच तशीच पोस्टात गेले आणि अक्काच्या नावानं एकशे वीस रुपयांची मनीऑर्डर केली. एका वर्षाचे. ती जर त्या दिवशी रडली नसती तर माझं वय कागदावर वाढलं नसतं, आणि हे पैसे मला आणखी कितीतरी वर्षं दिसले नसते. कुपनवर जागा थोडी, मी एवढंच लिहिलं की म्हशींचे पैसे आहेत, दर महिन्याला येतील.

अक्काचे यजमान भले माणूस. तिला खायला-ल्यायला कमी नाही. बारा दिवसांनी तिचं आंतर्देशीय पत्र आलं. सातवीतलं अक्षर, तसंच गोल. "पोस्टमननं माझं नाव घेऊन हाक मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सही मीच केली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पोस्टमन दुपारी दोनला येतो, तेव्हा हे झोपलेले असतात. पैसे पाठवशील ते तेव्हाच पोचतील असं बघ."